एक पांढरा केस उपटला की दहा येतात का?

नाही. एक केस उपटल्यावर त्या जागी परत एकच केस येतो, तोही बहुतेक वेळा पांढराच, आणि शेजारच्या काळ्या केसांना त्या उपटण्याची खबरही लागत नाही. पण ‘मी स्वतः पाहिलंय, उपटले आणि वाढले’ असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. केस उपटल्यावर दोन-चार महिन्यांत पांढरे केस खरंच जास्त दिसू लागतात. फक्त त्याचं कारण चिमटा नसतो. खरं कारण समजून घ्यायचं तर आधी केसाला रंग येतो कुठून आणि तो जातो कसा, हे पाहायला हवं.

रंग भरला जातो तो त्वचेच्या खाली

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतल्या एका अरुंद, खोल पिशवीतून उगवतो. डॉक्टर तिला फॉलिकल म्हणतात. या पिशव्या आपण जन्माला येण्याआधीच तयार झालेल्या असतात. डोक्यावर नंतर नवी पिशवी तयार होत नाही, म्हणून उपटल्यामुळे ‘जास्तीचे’ केस उगवण्याचा प्रश्नच येत नाही.

वाढत्या केसाची पिशवी टाळूच्या त्वचेत सुमारे चार मिलिमीटर खोल गेलेली असते. तिच्या तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असतो. तिथल्या पेशी झपाट्याने विभागतात, वर सरकतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात आणि मरतात. या मेलेल्या, घट्ट चिकटलेल्या पेशींची दोरी म्हणजे आपल्याला दिसणारा केस. त्याच फुगीर भागात रंग तयार करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात, त्या म्हणजे मेलॅनोसाइट. त्या मेलॅनिनचे सूक्ष्म कण बनवतात आणि आपल्या बारीक फांद्यांमधून आजूबाजूच्या केस घडवणाऱ्या पेशींत सोडतात. केस घडवणाऱ्या साधारण पाच पेशींमागे एक रंगवाली पेशी, असं हे प्रमाण असतं. मेलॅनिनचे प्रकार दोनच: काळा-तपकिरी आणि लालसर-पिवळा. जगातल्या सगळ्या नैसर्गिक केसांच्या छटा या दोन रंगांच्या कमी-अधिक मिश्रणातून येतात. पांढरा असा तिसरा रंग नसतो. केसात मेलॅनिन नसलं की उरतं ते फिकट, जवळजवळ रंगहीन केराटिन. त्यावरून प्रकाश विखुरतो आणि केस पांढरा दिसतो. करडा दिसणारा केस बहुतेक वेळा करडा नसतोच. काळे आणि पांढरे केस एकमेकांत मिसळलेले असले की लांबून डोकं करडं दिसतं. काही केसांत रंग थोडाच उरलेला असतो, ते मात्र खरोखर करडे असतात.

यातून एक गोष्ट पक्की होते. केस त्वचेबाहेर आला की तो मेलेला असतो, त्यात नंतर रंग भरता येत नाही आणि शरीराला तो आतून काढूनही घेता येत नाही. ऊन किंवा ब्लीचने बाहेरून रंग फिका होतो, ते वेगळं. एखादा लांब काळा केस टोकापासून मुळापर्यंत रातोरात पांढरा होऊ शकत नाही. केस पिकतो तो नेहमी मुळापासून, आणि महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने ते पांढरेपण बाहेर येतं.

दर वेळी नव्याने रंगकाम

एकच केस आयुष्यभर वाढत राहत नाही. टाळूवरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत पिशवीचा खालचा भाग आक्रसतो, वाढ थांबते. त्यानंतर सुमारे तीन महिने विश्रांती. मग जुना केस गळतो आणि त्याच पिशवीत नवा केस सुरू होतो. कोणत्याही दिवशी टाळूवरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात. रोज ५० ते १०० केस गळणं म्हणूनच स्वाभाविक आहे. विंचरताना हातात आलेले केस हे टक्कल पडण्याचं लक्षण असतंच असं नाही.

रंगाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की वाढ थांबली की रंगकामही थांबतं, आणि तळाशी बसलेल्या रंगवाल्या पेशी बहुतांशी मरून जातात. नव्या केसासाठी नव्या पेशी लागतात. त्या येतात पिशवीच्या वरच्या भागात राखून ठेवलेल्या साठ्यातून. तिथे रंगाच्या मूळपेशी असतात. नवा केस सुरू झाला की त्यातल्या काही विभागतात. काही पेशी खाली जाऊन रंग बनवू लागतात, काही पुढच्या वेळेसाठी जागच्या जागी राहतात. शेतकरी पेरणी करताना थोडं बियाणं पुढच्या हंगामासाठी बाजूला काढून ठेवतो, तसाच हा हिशोब. बियाणं संपलं की पुढच्या हंगामात शेत तर असतं, पीक येत नाही. पिशवी जिवंत असते, केस नीट वाढतो, पण बिनरंगाचा.

२००५ साली एमी निशिमुरा आणि डेव्हिड फिशर यांच्या चमूने हे उंदरांत दाखवलं. वय वाढेल तशा केसांच्या पिशवीतल्या रंगाच्या मूळपेशी कमी होत जातात. काही पेशी राखीव जागेत असतानाच वेळेआधी प्रौढ होऊन रंग बनवू लागतात आणि राखीव म्हणून निकामी होतात. माणसांच्या टाळूच्या त्वचेतही वयाप्रमाणे हा साठा आटत गेलेला आढळला. २०२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मायुमी इतो यांच्या प्रयोगशाळेने या गोष्टीला आणखी एक पदर जोडला. या मूळपेशी पिशवीत वर-खाली ये-जा करतात आणि खालच्या भागात आल्यावरच त्यांना रंगाच्या कामाला लागण्याचा निरोप मिळतो. वय वाढलं की त्यातल्या बऱ्याच पेशी वरच्या फुगवट्यातच अडकून पडतात. म्हणजे काही पिशव्यांत साठा पूर्ण संपलेलाही नसतो, तो हलत नसतो. पिकलेला केस परत काळा करण्याची आशा जे शास्त्रज्ञ बाळगतात, ती मुख्यतः या अडकलेल्या पेशींवर आहे. सध्या तरी तसं औषध बाजारात नाही, आणि कुणी ‘आहे’ म्हणून विकत असेल तर पैसे खिशातच ठेवलेले बरे.

मूळपेशींशिवाय दुसरी अडचण तळाशी कामावर असलेल्या पेशींची. मेलॅनिन बनवण्याच्या रासायनिक प्रक्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. केस ब्लीच करायला वापरतात तेच हे रसायन. तरुण पिशवीत कॅटालेज नावाचं विकर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. वयाबरोबर हे विकर कमी पडतं आणि पेरॉक्साइड साठतं. मेलॅनिन बनवण्यासाठी जे विकर लागतं, त्या टायरोसिनेजलाच ते इजा करतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पांढऱ्या केसांत त्याचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. या कारणाने केस एकाच वाढीच्या काळात, मध्येच रंग सोडू शकतो. टोक काळं आणि मूळ पांढरं असे केस त्यामुळेच दिसतात.

हे सगळं कधी सुरू व्हायचं, ते बरंचसं घराण्यावर ठरतं. २०१६ साली लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात आयआरएफ-४ या जनुकाचा केस पिकण्याशी संबंध आढळला. पण एकटं जनुक सगळं ठरवत नाही. सरासरी पाहिली तर युरोपीय वंशाच्या लोकांत पहिले पांढरे केस तिशीच्या मध्यावर, आशियाई लोकांत तिशीच्या अखेरीस आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत चाळिशीच्या मध्यावर दिसू लागतात. ‘पन्नाशीला निम्म्या लोकांचे निम्मे केस पांढरे’ हा नियम बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. २०१२ साली जगभरच्या चार हजारांवर लोकांची पाहणी झाली, तेव्हा पन्नाशीला निम्मे केस पांढरे असलेले लोक ६ ते २३ टक्केच निघाले.

चिमट्याने केस ओढला की आत काय होतं

आता त्या चिमट्याकडे वळू. केस ओढला की तो पिशवीत जिथे कच्चा धरलेला असतो तिथून सुटतो. पिशवी मात्र त्वचेतच राहते, तिच्या तळाची रक्त पुरवणारी गाठही तिथेच राहते. ‘मुळासकट उपटला’ असं आपण म्हणतो, पण जे हातात येतं ते मूळ नसतं.

उपटलेला केस उजेडात धरून पाहिला तर तो कोणत्या टप्प्यात होता ते कळतं. टोकाशी बारीक, कोरडी, टाचणीच्या डोक्यासारखी पांढरट गाठ असेल आणि केस फारसं न दुखता निघाला असेल, तर तो विश्रांतीच्या टप्प्यात होता. काही आठवड्यांत तो आपोआप गळणारच होता. टोकाशी ओलसर, मऊ भाग आणि त्याभोवती पारदर्शक, चिकट आवरण असेल, उपटताना चांगलंच दुखलं असेल, तर तो वाढीच्या टप्प्यात होता. हे आवरण पाहून काही जणांना मूळ निघाल्याचा आनंद होतो. ते मूळ नाही, पिशवीचं आतलं अस्तर आहे आणि ते पुन्हा तयार होतं. काळ्या वाढत्या केसाचा हा मऊ भाग गडद दिसतो. पांढऱ्या केसाचा फिकट दिसतो, कारण तिथे रंगवाल्या पेशीच नसतात किंवा अगदी थोड्या असतात.

पुढे पिशवी स्वतःची डागडुजी करते आणि नवा केस सुरू करते. तो त्वचेबाहेर दिसायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात, कारण आधी चार मिलिमीटरचा प्रवास त्वचेखालीच करायचा असतो. नवा केस त्याच पिशवीतून, त्याच रिकाम्या साठ्याच्या भरवशावर येतो. साठा नाही, म्हणजे रंग नाही. पांढरा उपटला, पांढरा आला. इथे हिशोब एकास एक.

शेजारच्या केसांचं काय? प्रत्येक पिशवीचा रंगाचा साठा तिचा स्वतःचा असतो. टाळूवर अगदी लागून असलेल्या दोन पिशव्यांत एक काळा, एक पांढरा केस वर्षानुवर्षं नांदतो, तो याच कारणाने. पिकलेला केस शेजाऱ्याला पिकवत नाही, आणि उपटलेला तर नाहीच. एक गोष्ट मात्र फसवते. टाळूवर केस बऱ्याचदा सुटे नसतात, एका छिद्रातून दोन, तीन, कधी चार केस गटाने बाहेर येतात. गटातला एक उपटला, उरलेल्यांपैकी एक नंतर पिकला, की एकाच छिद्रात ‘एकाचे दोन’ झाल्यासारखं वाटतं. जवळून पाहिलं तर दुसरा केस आधीपासून तिथेच होता, फक्त काळा होता.

मग जास्त का दिसतात: एक हिशोब

एका काल्पनिक माणसाचा हिशोब करून पाहू. वय ३६, डोक्यावर एक लाख केस, वाढ आणि विश्रांती धरून एका केसाचा फेरा सरासरी ५० महिन्यांचा. म्हणजे दर महिन्याला सुमारे दोन हजार पिशव्यांत नवा केस सुरू होतो. रोजचे साधारण ६५. गळणाऱ्या केसांच्या आकड्याशी हे जुळतं. समजा या वयात नव्याने सुरू होणाऱ्या दर हजार केसांतले तीनच बिनरंगाचे निघतात. हा तीनचा आकडा हिशोबापुरता घेतलेला आहे, प्रत्येकाचा वेगळा असेल. तरीही महिन्याला सहा नवे पांढरे केस झाले. सहा महिन्यांत छत्तीस.

आता हा माणूस जुलैच्या सुरुवातीला भांगाजवळ एक पांढरा केस पाहतो आणि उपटतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच भागात चार दिसतात. तो म्हणतो, एकाचे चार झाले. त्याने पट्टी घेऊन ते चार केस मोजले तर काय निघेल? समजा आठ, पाच, तीन आणि दीड सेंटिमीटर. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. दोन महिन्यांत दोन, फार तर अडीच सेंटिमीटर. म्हणजे आठ, पाच आणि तीन सेंटिमीटरचे केस तो चिमटा हातात घेण्याआधीच डोक्यावर होते. ते दिसले नव्हते इतकंच. उरला दीड सेंटिमीटरचा. तो त्वचेबाहेर आला सुमारे दीड महिन्यापूर्वी, आणि त्याआधी त्वचेखाली दोन आठवडे तरी गेले असणार. तो सुरू झाला तेही उपटण्याच्या सुमारासच, आणि त्या पिशवीतला रंगाचा साठा संपला होता तो त्याच्याही बऱ्याच आधी.

ही परीक्षा कुणालाही घरी करता येते. केस उपटल्याची तारीख लिहून ठेवा. नंतर दिसलेल्या प्रत्येक ‘नव्या’ पांढऱ्या केसाची लांबी मोजा. जितके महिने झाले त्याहून जास्त सेंटिमीटर लांबी असेल, तर तो केस उपटण्याच्या आधीचा. मधल्या काळात केस कापले असतील तरी परीक्षा बिघडत नाही, कारण कापल्याने केस खऱ्यापेक्षा तरुण दिसतो, म्हातारा नाही. केसाचं टोक काळं आणि मूळ पांढरं असेल, तर पूर्ण केसाऐवजी पांढऱ्या भागाची लांबी धरा. चार सेंटिमीटर पांढरं म्हणजे चारएक महिन्यांपूर्वी त्या पिशवीने रंग देणं थांबवलं. आणि तुलनेसाठी, ज्या बाजूला चिमटा लावलेला नाही त्या बाजूचे पांढरे केसही मोजा. तिथेही वाढलेले दिसतील. उपटणाऱ्यांपैकी हे सहसा कुणी करत नाही.

उपटलेल्या जागेच्या आसपासच नवे दिसतात, यालाही कारण आहे. केस पिकणं डोक्यावर सगळीकडे एकदम सुरू होत नाही. बहुतेकांत कानशिलांपासून सुरुवात होते, मग टाळूचा वरचा भाग, मागची बाजू शेवटी. पहिला पांढरा केस जिथे दिसला, तो भाग या फेऱ्यात पुढे असतो, म्हणून पुढचे पांढरेही तिथेच येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शिवाय आरशात आपण बघतोही तिथेच. नव्याने उगवलेला दोन-तीन सेंटिमीटरचा केस आखूड असल्याने बाकीच्यांबरोबर बसत नाही, ताठ उभा राहतो, आणि पांढरा असला की काळ्या केसांत लगेच डोळ्यात भरतो. उपटून आलेला केस नेमका असाच असतो: आधी लांब, आडवा पडलेला, अर्धा झाकलेला होता, आता आखूड आणि उभा. संख्या तीच राहून तो दुप्पट त्रासदायक दिसतो.

उंदरांचा तो प्रयोग

‘केस उपटल्याने जास्त केस येतात, हे सिद्ध झालंय’ असं सांगणारे लोक ज्या प्रयोगाचा दाखला देतात, तो खरा आहे. २०१५ साली चेंग-मिंग चुओंग यांच्या चमूने उंदरांच्या पाठीवर एका लहान गोलात दोनशे केस ठरावीक दाटीने उपटले. त्या भागात हजाराच्यावर केस उगवून आले, म्हणजे न उपटलेल्या शेजारच्या पिशव्यांतूनही. दुखावलेल्या पिशव्यांनी रासायनिक संकेत सोडले, त्यामुळे रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा झाल्या आणि त्यांनी शेजारच्या झोपलेल्या पिशव्यांना जागं केलं.

पण या प्रयोगाचा आपल्या प्रश्नाशी संबंध कमी आहे. तिथे नवी पिशवी एकही तयार झाली नाही. विश्रांती घेत असलेल्या पिशव्या वेळेआधी वाढीला लागल्या, एवढंच. उंदराच्या पाठीवरचे केस गटाने, एकाच वेळी विश्रांतीत जातात. माणसाच्या टाळूवर तसं नसतं, प्रत्येक पिशवीचं वेळापत्रक स्वतंत्र असतं आणि एका वेळी विश्रांतीत असतात ते फार तर दहा-पंधरा टक्के. त्यातही विरळ उपटलं तर उंदरांतही हा परिणाम दिसला नाही, एका मर्यादित जागेत पुरेशा दाटीने उपटल्यावरच दिसला. एकदोन पांढरे केस उपटणं त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. आणि रंगाचा तर त्या प्रयोगात प्रश्नच नव्हता.

उलट उपटण्याची दुसरीच किंमत उंदरांत दिसली आहे. वर सांगितलेल्या २०२३ च्या संशोधनात केसांच्या पिशव्या लवकर ‘म्हाताऱ्या’ करण्यासाठी केस पुन्हा पुन्हा उपटून उगवायला लावले होते. रंगाच्या मूळपेशी अडकून पडलेल्या पिशव्यांचं प्रमाण त्यामुळे १५ टक्क्यांवरून जवळजवळ निम्म्यावर गेलं. म्हणजे उपटण्याने शेजारी पिकत नाहीत, पण ज्या पिशवीतून केस वारंवार उपटला जातो, तिचा स्वतःचा रंगाचा साठा लवकर खर्ची पडू शकतो. पांढऱ्या केसाच्या पिशवीत गमावण्यासारखा रंग उरलेलाच नसतो. पण घाईत चिमट्यात पांढऱ्याबरोबर एखादा काळाही येतो, आणि दर वेळी येतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

न उपटण्याचं खरं कारण

उपटण्याचा मोठा तोटा आहे तो रंगाचा नाही, केसाचा आहे. एकाच पिशवीला वर्षानुवर्षं दुखापत होत राहिली की तिथे व्रण तयार होतो, केस बारीक येऊ लागतो आणि काही वेळा यायचाच थांबतो. भुवया सतत कोरणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं: काही वर्षांनी भुवई भरून येत नाही. भांगाजवळ चाळीस-पन्नास पिशव्यांबाबत हे झालं, तर पन्नाशीत पांढऱ्या केसांऐवजी रुंद झालेला भांग दिसेल, आणि तो झाकणं जास्त अवघड. दुसरा तोटा जंतुसंसर्गाचा. पिशवीच्या तोंडाशी लाल, दुखरी पुळी येते. कधी केस बाहेर यायच्याऐवजी त्वचेखालीच वळतो आणि तिथे गाठ होते. सावळ्या त्वचेवर अशा पुळीनंतर काळा डाग महिनोन्महिने राहतो. दाढीच्या आणि हनुवटीच्या केसांत हा त्रास टाळूपेक्षा जास्त.

मोजके पांढरे केस असतील आणि ते नकोच असतील, तर ते कापावेत. लहान, टोकदार कात्री, चांगला उजेड, शक्यतो दुसऱ्या कुणाची मदत. केस आजूबाजूच्या केसांतून वेगळा धरून त्वचेलगत कापायचा. पाच मिलिमीटर खुंट ठेवलात तर महिनाभरात तो दीड सेंटिमीटरचा होऊन उभा राहील, त्वचेलगत कापलात तर तेवढं व्हायला दीड महिना लागेल. पांढरे केस शेकड्यांत गेले की कापत बसण्यात अर्थ नाही. तिथून पुढे रंग लावायचा किंवा आहेत तसे ठेवायचे. काळा रंग लावून आग, खाज, पापण्यांवर सूज आली असेल तर तो बहुधा पीपीडी या रसायनाचा त्रास असतो. तो दर वेळी वाढत जातो, म्हणून ‘या वेळी कमी लावून बघू’ हा प्रयोग करू नये.

तेलांबद्दल एवढंच, की तेल केसाच्या दांड्याला लागतं. दांडा मेलेला असतो. रंग भरला जातो तो चार मिलिमीटर खाली, आणि तिथल्या संपलेल्या मूळपेशी कोणत्याही तेलाने परत आलेल्या नाहीत. केस मऊ राहण्यासाठी तेल लावायचं असेल तर खुशाल लावावं.

ताणाचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. २०२० साली हार्वर्डमधल्या या-चिए सू यांच्या चमूने उंदरांत दाखवलं की तीव्र ताणात केसांच्या पिशवीजवळच्या मज्जातंतूंतून नॉरअॅड्रिनलिन सुटतं. त्यामुळे रंगाच्या मूळपेशी एकदम कामाला लागतात आणि साठा कायमचा रिकामा होतो. माणसांत २०२१ साली कोलंबिया विद्यापीठात चौदा जणांचे केस बारकाईने तपासले गेले, एकेका केसाच्या लांबीवर रंग कुठे गेला ते पाहून. काही केस ताणाच्या काळात पांढरे होऊन नंतर परत रंगले होते. मात्र असे केस थोडे होते, आणि पिकण्याच्या उंबरठ्यावर असलेलेच होते. दहा वर्षं पांढरा असलेला केस सुट्टीवर जाऊन काळा होण्याची वाट पाहू नये. ‘एका रात्रीत केस पांढरे झाले’ अशा कथांमागे बहुतेकदा चाईसारखा आजार असतो. त्यात रंग असलेले केस आधी झपाट्याने गळतात, पांढरे टिकतात, आणि काही दिवसांत डोकं पांढरं दिसू लागतं.

डॉक्टरांकडे जायचं ते केस फारच लवकर पिकू लागले तर. आशियाई लोकांत ही रेषा साधारण पंचविशीची धरतात. आईवडिलांचे केसही त्याच वयात पिकले असतील तर काही निघण्याची शक्यता कमी, तरी एकदा रक्तात बी-१२, थायरॉइड आणि लोह तपासून घ्यावं. बी-१२ कमी असेल तर केसांआधी थकवा, हातापायांना मुंग्या, जीभ लाल होऊन झोंबणं अशी लक्षणंही असू शकतात. कमतरता भरून काढल्यावर काहींचे केस परत रंगतात, आणि रंग परत येतोय की नाही हे तीन-चार महिन्यांत मुळाशी दिसतं. काळा भाग टाळूकडून सुरू होतो आणि पांढरं टोक वर सरकत जातं. पांढऱ्या केसांबरोबर त्वचेवर पांढरे चट्टे दिसत असतील, किंवा केस गोल चकत्यांत गळत असतील, तर कोड किंवा चाईसाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि केस उपटायचा हात थांबतच नसेल, पांढरे संपले तरी काळेही उपटले जात असतील, तर तो स्वतंत्र आजार आहे, त्यावर मानसोपचारात चांगले उपचार आहेत.